४१ टन की ६३ टन: सिन्नरच्या एका शेडचं प्रकरण

नानांनी दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, मला फक्त एवढंच सांगा, की दुसरा मला लुटतोय का पहिला मला फसवतोय?"

नाना म्हणजे सिन्नरजवळच्या एमआयडीसीतले एक उद्योजक. गाड्यांचे प्रेस पार्ट बनवतात. जुना गाळा अपुरा पडायला लागला म्हणून शेजारच्या प्लॉटवर नवीन शेड घ्यायचं ठरलं. रुंदी २४ मीटर, लांबी ६० मीटर, वळचणीची उंची ८ मीटर, मध्ये एकही खांब नको. लांबीतला पहिला साडेसदतीस मीटरचा भाग तयार मालाचं गोडाऊन आणि उरलेला साडेबावीस मीटरचा भाग प्रेस शॉप. तिथे डाय बदलायला १० टनी ईओटी क्रेन हवी होती, म्हणजे वर दोन रुळांवर धावणारी विजेची क्रेन, खालून पेंडंटवर, म्हणजे लोंबत्या बटणांच्या डबीवर, चालणारी. म्हणजे एकाच छपराखाली गोडाऊनही आणि छोटा कारखानाही.

पहिला कागद पीईबी कंपनीचा होता. पीईबी म्हणजे कारखान्यात प्लेटा कापून, वेल्ड करून, भोकं पाडून आणलेले आणि साइटवर फक्त बोल्टांनी जोडायचे भाग. त्यात अंदाजे वजन ४१ टन आणि ठोक किंमत साडेसत्तेचाळीस लाख. दुसरा कागद नानांच्या नेहमीच्या फॅब्रिकेटरचा. जुना गाळाही त्यानेच उभारलेला, सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याच्याकडे अँगल जोडून केलेल्या छपराच्या त्रिकोणी कैच्या, बीमचे खांब, चॅनलच्या पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे दांडे, वजन ६३ टन, भाव ९८ रुपये किलो, म्हणजे ६१ लाख ७४ हजार. पत्रा, फाउंडेशन आणि फरशी दोन्हींत वेगळी. फरक सव्वाचौदा लाखांचा.

नानांना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दोघांकडून एकच गोष्ट मागवली: कुठला भार धरला आणि किती वाकणं चालेल असं मानलं, ते एका पानावर लिहून द्या. मिस्त्रीने असा कागद आयुष्यात कधी दिला नव्हता, पण त्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने दिला. पीईबीवाल्यांचा कागद दोन दिवसांत आला. सगळा खेळ त्या दोन पानांत होता.

त्याआधी वजन कमी कुठे होतं ते सांगतो, कारण "पीईबी हलकं असतं" हे सगळे ऐकून असतात, पण का असतं हे फारसं कुणी विचारत नाही.

२४ मीटरच्या चौकटीवर भार आला की सगळ्यात जास्त ताण येतो खांब आणि राफ्टर, म्हणजे छपराचा तिरपा बीम, मिळतात त्या कोपऱ्यात. खांबाच्या पायाशी, पाया बिजागरीसारखा धरला असेल तर, वाकवणारा ताण जवळजवळ शून्य. राफ्टरमध्येही कोपऱ्यापासून थोडं पुढे गेलं की ताण उतरतो, आणि माथ्याशी पुन्हा थोडा चढतो. बाजारात मिळणारा बीम मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच जाड. कोपऱ्याला लागतो तेवढा घेतला तर बाकी लांबीभर लोखंड फुकट जातं. पीईबीत प्लेट तिरपी कापतात. नानांच्या कोटेशनमधला खांब खाली ३५० मिलिमीटर आणि वर ८५० मिलिमीटर होता. मधली प्लेट, म्हणजे वेब, फक्त ५ मिलिमीटर. लागतं तिथेच लोखंड. त्यात प्लेट ३५० ग्रेडची, तर मिस्त्रीचे अँगल आणि चॅनल नेहमीचे २५० ग्रेडचे. ताकद चाळीस टक्क्यांनी जास्त.

कैची ही खरं तर लोखंड वाचवण्याचीच जुनी युक्ती आहे. २४ मीटरला कैची काही जड पडत नाही. मग मिस्त्रीचे ६३ टन आले कुठून?

मी त्याची यादी उघडली आणि पर्लिनच्या ओळीवर थांबलो. १२५ चा चॅनल, मीटरला १२.७ किलो. छपरावर दोन्ही उतारांवर मिळून १९ ओळी, प्रत्येक ६० मीटर, म्हणजे ११४० मीटर. गुणाकार केला तर साडेचौदा टन. पीईबीवाल्याच्या यादीत त्याच जागी २०० मिलिमीटर उंचीची, २ मिलिमीटर जाडीची गॅल्व्हनाइज्ड झेड पर्लिन, मीटरला साधारण ५.६ किलो. सांध्यावर एकमेकींवर चढवलेल्या लांबीसह सात-साडेसात टन. म्हणजे दोन कोटेशनांतल्या बावीस टनांपैकी सात टन नुसत्या पर्लिनमध्ये होते, आणि त्याचा पीईबी असण्या-नसण्याशी काहीच संबंध नव्हता. झेड पर्लिन कुणालाही बाजारातून लांबीप्रमाणे करून मिळते. कैचीवर बसवायला तिला कुणाची मनाई नाही.

मिस्त्रीला विचारलं, "चॅनल का घेता?"

"सवय साहेब. आणि चॅनलला क्लीट वेल्ड मारली की काम झालं. झेडचा पत्रा दोन मिलिमीटरचा, वेल्ड मारायला गेलं की भोक पडतं, जस्त जळतं. बोल्टच मारावे लागतात, माझी पोरं कंटाळतात."

हे त्याचं खरं कारण. दुसरं कारण त्याने सांगितलं नाही, पण ते कागदावरच होतं. मिस्त्रीला पैसे किलोवर. वजनकाट्यावर गाडी जितकी जड, तितकं बिल मोठं. त्याने वजन का कमी करावं? पीईबी कंपनीला पैसे ठोक. एकदा साडेसत्तेचाळीस लाख ठरले की पुढे वाचलेला प्रत्येक किलो कंपनीचा. त्यांनी वजन का वाढवावं? दोघंही प्रामाणिक असतील, तरी काटा एकाला वर ढकलतो आणि एकाला खाली. नानांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच होतं, आणि राहिलेलं अर्धं पीईबीवाल्यांच्या पानावर.

त्या पानावर छपराचा लाइव्ह लोड, म्हणजे दुरुस्तीला चढणाऱ्या माणसांसारखा येता-जाता भार, ०.५७ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर होता, म्हणजे साधारण ५७ किलो. हा आकडा अमेरिकेतल्या मेटल बिल्डिंग उत्पादकांच्या संघटनेच्या पद्धतीतून येतो. आपल्या आयएस ८७५ या भारांच्या भारतीय कोडच्या दुसऱ्या भागात, ज्यावर माणसांची नेहमीची ये-जा नाही अशा कमी उताराच्या छपराला ०.७५, म्हणजे ७५ किलो धरायचे असतात. मिस्त्रीच्या इंजिनिअरने ७५ धरले होते. सोलरचा भार पीईबीवाल्यांनी शून्य धरला होता, कारण चौकशीत तो कुणी लिहिलाच नव्हता. नानांना विचारलं तर म्हणाले, "सोलर तर टाकायचंच आहे, पण दोन वर्षांनी." दोन वर्षांनी टाकायचं असेल तरी भार आजच धरावा लागतो. चौरस मीटरला १५ किलो धरायचं ठरलं. ऐकायला हे थोडं वाटतं, पण त्या छपराचं सगळं स्वतःचं वजन, पत्रा, पर्लिन आणि चौकट मिळून, वीस किलोंच्या आसपास असतं. त्यावर पंधरा म्हणजे काय, ते बघा.

मग वारा. नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केला की चौरस मीटरला ९१३ न्यूटन, म्हणजे नव्वदेक किलो, आणि चौकटीसाठी कोडमधल्या सवलती लावून खाली ६४ किलोंपर्यंत येतो. हा दाब छपरावर दाबत नाही, तर ओढतो. दहाला एक अशा चपट्या उतारावर वारा छप्पर वर उचलतो. त्यात भिंतीला उघडी दारं असली तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. पीईबीवाल्यांनी शेड जवळजवळ बंद धरलं होतं, आतल्या दाबाचा गुणांक ०.२. पण नानांच्या लांब भिंतीला तीन शटर होती, प्रत्येकी ४ बाय साडेचार मीटर. ५४ चौरस मीटर उघडं, भिंत ४८० चौरस मीटरची, म्हणजे अकरा टक्क्यांहून थोडं जास्त. पाच ते वीस टक्के उघडं असेल तर कोड आतला गुणांक ०.५ धरायला सांगतो.

हे आकडे एकदा मांडून बघू. बाहेरची ओढ ०.८ आणि आतला रेटा ०.२, बेरीज १.०, म्हणजे चौरस मीटरला ६४ किलो वर. आतला रेटा ०.५ झाला की बेरीज १.३, म्हणजे ८३ किलो वर. त्यातून छपराचं स्वतःचं वजन, वीसच्या जागी सुरक्षित बाजूने १८ किलो, वजा केलं तर निव्वळ उचल ४६ वरून ६५ वर जाते. एका चौकटीच्या वाट्याला साडेसात गुणिले चोवीस, म्हणजे १८० चौरस मीटर छप्पर येतं. ६५ किलोंनी हिशेब केला तर पावणेबारा टन उचल, प्रत्येक खांबाला जवळजवळ सहा टन. तीन शटरांनी दोन्ही खांबांच्या फाउंडेशनवर पावणेदोन-पावणेदोन टन उचल वाढवली. उभारलेलं शेड खाली दाबतंय असं आपल्याला वाटतं, पण मेच्या वळवात त्याची सगळी धडपड उडायची असते. फाउंडेशनचं काँक्रीट आणि त्यावरचा मुरूम मिळून त्याला धरून ठेवतात. हलक्या शेडचं जे लोखंड वाचतं, त्यातलं थोडं असं जमिनीखाली परत द्यावं लागतं. कैचीचं शेडही याला सुटलेलं नाही. ते दहा किलोंनी जड असलं तरी ८३ पुढे दहा म्हणजे काहीच नाही.

खरी अडचण मात्र क्रेनमध्ये होती, आणि ती समजायला एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ३५० ग्रेडचं लोखंड २५० ग्रेडपेक्षा ताकदीने जास्त असतं, पण ताठपणाने नाही. दोन्ही एकाच भाराखाली सारखंच वाकतं, कारण लोखंडाचा लवचिकतेचा गुणांक ग्रेडप्रमाणे बदलत नाही. म्हणजे जिथे तुटायची भीती आहे तिथे भारी ग्रेड लोखंड वाचवतं. जिथे वाकायची भीती आहे तिथे भारी ग्रेडचे पैसे वाया.

गोडाऊनला थोडं वाकणं चालतं. पत्र्याची भिंत लवते, माल आत सुरक्षित राहतो. क्रेनला चालत नाही. क्रेन दोन रुळांवर चालते, आणि खांब डोलले की रुळांमधलं अंतर बदलतं. चाकाची कड रुळाला घासते, आवाज येतो, चाकं झिजतात. महिनाभरात क्रेनवाला म्हणतो रूळ वाकडा बसवलाय, शेडवाला म्हणतो क्रेन वाकडी आहे. आयएस ८०० हा लोखंडी बांधकामाचा भारतीय कोड पेंडंटवरच्या क्रेनसाठी खांबाचं डोलणं उंचीच्या दोनशेव्या भागात ठेवायला सांगतो आणि दोन रुळांमधला फरक १० मिलिमीटरच्या आत. पीईबीवाल्यांच्या पानावर उंचीचा शंभरावा भाग होता, पुन्हा अमेरिकन पद्धतीने. रूळ ६ मीटर उंचीवर, म्हणजे एकाच्या हिशेबाने ६० मिलिमीटर चालतं, दुसऱ्याच्या हिशेबाने ३०. साठ मिलिमीटर म्हणजे चार बोटं. चालत्या क्रेनखाली उभं राहून खांब चार बोटं हलताना बघितला तर कामगार दुसऱ्या दिवशी कामावर यायचा नाही.

मी पीईबी कंपनीच्या डिझाइन इंजिनिअरला फोन केला. पोरगा हुशार होता, त्याने लपवालपवी केली नाही. "सर, तुम्ही चौकशीत कोड लिहिला नव्हता. आमचं सॉफ्टवेअर डीफॉल्टला तेच धरतं. आयएस लिहून द्या, मी परत रन करतो." दोष अर्धा आमचाच. नानांनी चौकशीत 'शेड, २४ बाय ६०, १० टन क्रेन' एवढंच लिहिलेलं.

त्याने परत रन केलं. क्रेनच्या तीन गाळ्यांतले, म्हणजे दोन चौकटींमधल्या तीन भागांतले, खांब आता तिरपे राहिले नाहीत, खालपासून वरपर्यंत सारख्या खोलीचे झाले, कारण डोलणं रोखायचं तर पाय जमिनीत घट्ट धरायला हवा. बिजागरीचा पाया सोडून पक्का पाया आला, आणि पायाशी पक्का धरला की तिथेही ताण येतो, मग निमुळतं करायला जागाच उरत नाही. त्या गाळ्यांतलं भिंतीचं ब्रेसिंगही, म्हणजे खांबांमधले तिरपे आधार, सळईऐवजी पाइपचं झालं. सळई फक्त ओढ घेते, आणि क्रेन ब्रेक मारते तेव्हा दर वेळी हिसका बसून ती सैल पडते. एकूण वजन ४१ वरून ४७ टन झालं. वाढलेल्या सहा टनांतले तीन एकट्या क्रेनच्या चार चौकटींनी खाल्ले, दोन लाइव्ह लोड आणि सोलरने, उरलेला एक वाऱ्याने. किंमत ५४ लाख ५० हजार.

इकडे मिस्त्रीच्या यादीत चॅनलऐवजी झेड पर्लिन टाकली, ६३ चे ५६ टन झाले. झेडचा किलोचा भाव थोडा जास्त असल्याने सरासरी १०० रुपये पडला, म्हणजे ५६ लाख. त्याची क्रेनची बाजू पहिल्यापासून आयएसप्रमाणेच होती, तिथे काही बदलावं लागलं नाही.

सव्वाचौदा लाखांचा फरक दीड लाखावर आला.

आता फाउंडेशन. मिस्त्रीच्या चौकटी ६ मीटरवर, म्हणून अकरा चौकटी आणि बावीस खांब. पीईबीच्या साडेसात मीटरवर, नऊ चौकटी आणि अठरा खांब. मिस्त्रीचे सगळे खांब पक्क्या पायाचे, म्हणजे प्रत्येक फुटिंग मोठी. पीईबीचे गोडाऊनमधले दहा खांब बिजागरीचे, फुटिंग लहान, मात्र त्या चौकटी पाय बाहेर फाकवायला बघतात. आमच्या हिशेबात पूर्ण भाराखाली प्रत्येक पाय चारेक टनांनी बाहेर ढकलला जात होता. कैचीच्या शेडमध्ये हा प्रकार जवळजवळ नसतो, कारण कैचीचा तळचा दांडा तो ताण स्वतःतच घेतो. सिन्नरला दीड मीटरवर कडक मुरूम लागला, त्यामुळे ही ढकल सहज पेलली. काळ्या मातीत असतो तर मी हा मुद्दा इतक्या लवकर सोडला नसता. सगळं धरून फाउंडेशनमध्ये पीईबी दोन लाखांनी स्वस्त पडलं.

एक गोष्ट पीईबीच्या विरुद्ध गेली, आणि ती नानांनीच पकडली. कोपऱ्याशी राफ्टर ८५० मिलिमीटर खोल. वळचण ८ मीटरवर असली तरी भिंतीजवळ आतली मोकळी उंची सात मीटरच्या जेमतेम वर. नानांना गोडाऊनमध्ये भिंतीलगत सव्वासात मीटरचं रॅक लावायचं होतं. 'उंची ८ मीटर' या तीन शब्दांनी कुणाची काय समजूत होते ते बघा: पीईबीवाला बाहेरची वळचण सांगतो, मालक आतली मोकळी उंची ऐकतो. शेवटी वळचण ४०० मिलिमीटरने वाढवली. खांबांचं आणि भिंतीच्या पत्र्याचं मिळून पाऊण लाख वाढलं. चौकशीत 'राफ्टरखाली मोकळी उंची' असं लिहिलं असतं तर हा मुद्दा पहिल्याच दिवशी निघाला असता.

शेवटी हिशेबात पीईबी पावणेतीन लाखांनी स्वस्त राहिलं. एवढ्या फरकावर मी कुणाला एका बाजूला ढकललं नसतं. पण नाना भाड्याच्या गोडाऊनला महिन्याला एक लाख साठ हजार भरत होते. पीईबीवाले ड्रॉइंग पास झाल्यापासून साडेतीन महिने म्हणत होते, मिस्त्री साडेपाच. दोन महिन्यांचं भाडं सव्वातीन लाख. नानांनी पीईबी घेतलं. मिस्त्रीला ऑफिसचा मजला, जिने आणि लोडिंगचं छत दिलं, म्हणजे तोही नाराज झाला नाही. शेड नुसतं प्रेस शॉप असतं, आणि क्रेन २० टनी असती, तर मी कैची आणि जड खांबांच्या बाजूने बोललो असतो. नुसतं गोडाऊन असतं तर दुसऱ्या कोटेशनची गरजच नव्हती. आणि हेच शेड रत्नागिरीला समुद्राजवळ असतं तर ५ मिलिमीटर वेबवर मी अडून बसलो असतो. खारी हवा मिलिमीटरभर खाऊन गेली तर पाचातला एक जातो. शिवाय वेब आणि तिच्या कडेची पट्टी, म्हणजे फ्लँज, यांचा सांधा बऱ्याचदा एकाच बाजूने वेल्ड केलेला असतो. दुसऱ्या बाजूच्या फटीत गंज धरतो, आणि तो बाहेरून फक्त एका तपकिरी रेघेएवढा दिसतो.

काम सुरू झालं आणि दोन जागी माझी गरज लागली.

पहिली जागा फाउंडेशन बोल्टांची. मिस्त्रीच्या पद्धतीत बोल्ट काँक्रीटमध्ये बसले की मग माप घेऊन बेस प्लेटला भोकं पाडतात. बोल्ट कुठेही असले तरी चालतं. पीईबीत खांब तिकडे कारखान्यात आधीच भोकं पाडून तयार असतो, त्यामुळे बोल्टांना दोन-तीन मिलिमीटरपलीकडे चूक चालत नाही. सिव्हिल ठेकेदार जुन्या वळणाचा. टेम्प्लेट त्याने वापरली, पण काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर लागून ती फिरली. सातव्या चौकटीच्या एका खांबाचे चारही बोल्ट नऊ मिलिमीटर सरकले. क्रेन खांब उचलून उभी, तासाला भाडं चालू, आणि बोल्ट भोकात जाईना. एकाने गॅस कटर पेटवला होता, बोल्ट लाल करून वाकवायला.

मी हात धरला. बोल्ट तापवून वाकवला तर तो तिथे ठिसूळ होण्याची भीती असते, आणि हेच चार बोल्ट मिळून वळवात सहा टन उचल घेणार आहेत. भोक गॅसने फाडलं तरी नट धरायला कड उरत नाही. खांब परत खाली ठेवला, भोकं ड्रिलने लांबट केली, आणि प्रत्येक बोल्टवर १२ मिलिमीटरची, बरोबर मापाच्या भोकाची चौकोनी प्लेट टाकून ती बेस प्लेटला वेल्ड केली. मग नट. चार तास गेले. कटर पेटवणारा म्हणाला, "साहेब, दहा मिनिटांचं काम होतं."

दुसरी जागा शेड पूर्ण झाल्यावरची, आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. राफ्टरच्या खालच्या फ्लँजपासून वर पर्लिनकडे तिरपा जाणारा एक छोटा अँगल असतो, ५० बाय ५० चा, दोन बोल्टांनी लावलेला. त्याला फ्लँज ब्रेस म्हणतात. बघितला तर वाटतं हा काय धरणार? छप्पर खाली दाबलं जातं तेव्हा राफ्टरच्या मधल्या भागात खालची बाजू ओढली जाते. ओढलेली पट्टी वाकत नाही. पण वारा छप्पर उचलतो तेव्हा हीच खालची बाजू दाबली जाते, आणि दाबलेली बारीक, लांब पट्टी बाजूला पळते. पोस्टकार्ड दोन टोकांनी दाबून बघा. कोपऱ्याजवळ तर ती वारा नसतानाही दाबलेलीच असते. हा अँगल तिला बाजूला पळू देत नाही. तो धरूनच राफ्टर इतका बारीक केलेला असतो. तो काढला तर राफ्टर तोच राहतो, पण त्याची लांबी हिशेबात दुप्पट होते.

क्रेन सुरू होऊन महिना झाला होता. एअर कूलिंगच्या डक्टवाल्याने डक्ट राफ्टरला चिकटवून नेला. नाना मला चहाला घेऊन गेले आणि मी सवयीने राफ्टरखाली उभा राहून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं. हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. मान वर करून ब्रेस मोजायचे. प्रत्येक चौकटीवर ते ठरलेल्या अंतराने, दोन्ही बाजूंना सारखे दिसले पाहिजेत. चौथ्या चौकटीवर तीन दिसले नाहीत. त्यांच्या जागी पर्लिनला रिकामी भोकं होती आणि राफ्टरवर रंग नसलेला चौकोन.

डक्टवाल्याला बोलावलं. "तीन पट्ट्या मध्ये येत होत्या सर. ठेवल्यात जपून, कोपऱ्यात आहेत."

त्या खरोखरच कोपऱ्यात होत्या, बोल्टांसकट, पोत्यात बांधून. डक्ट २०० मिलिमीटर खाली घ्यायला लावला आणि त्याच दिवशी तीनही ब्रेस परत चढवले. पुढच्या आठवड्यात नानांनी साऱ्या शेडमधले ब्रेस लाल रंगाने रंगवून घेतले आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आता कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे." सोलरवाला अजून यायचा आहे. त्याच्यासाठी चौरस मीटरला १५ किलोंचा आकडा ऑफिसच्या दारामागे, भार आणि कोडच्या त्या एका पानाच्या झेरॉक्सवर पेनाने गोल करून चिकटवून ठेवलाय.